ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा का पडतो?

टाकी निम्मी भरलेली आहे, काटाही निम्म्यावर आहे. सिग्नलला ब्रेक दाबला की काटा पावावर येतो, ब्रेक सोडला की परत वर जातो. गॅरेजमध्ये यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "फ्लोट गेलाय, युनिट बदलावं लागेल." मागचं सीट निघतं, टाकी उघडते, नवं युनिट बसतं, आणि पुढच्या सिग्नलला काटा पुन्हा पडतो. दोष टाकीत नव्हताच. तो मागच्या दिव्यांजवळ, पत्र्याला घट्ट केलेल्या एका गंजक्या स्क्रूखाली होता. काट्याची तक्रार कुठून सुरू करायची आणि टाकी कधी उघडायची, हे या एका उदाहरणातून नीट उलगडतं.

आधी टाकीच्या आत काय असतं ते बघू. पेट्रोलवर तरंगणारा एक पोकळ फ्लोट असतो, तो एका वाकड्या तारेच्या टोकाला बसवलेला असतो. पातळी वरखाली झाली की तार फिरते. तारेच्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्याची बोटं असतात आणि ती एका रेझिस्टन्सच्या पट्टीवरून घासत जातात. बोटं पट्टीवर जिथे टेकतील तिथल्या हिशेबाने विजेला होणारा अडथळा, म्हणजे ओम, कमीजास्त होतात. फ्लोट, तार आणि पट्टी मिळून हे युनिट. डॅशबोर्डवरचं मीटर एका वायरने या युनिटपर्यंत येतं, युनिटमधून करंट अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जातो आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला. मीटरला पेट्रोल दिसत नाही. आपल्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एकूण अडथळा किती, एवढंच त्याला कळतं. त्यात पट्टी आली, वायर आली, कनेक्टर आले आणि तो अर्थचा स्क्रूही आला.

किती ओम म्हणजे फुल, हे मात्र सगळीकडे सारखं नसतं, आणि इथे बरेच जण फसतात. अमेरिकन पद्धतीच्या बऱ्याच सुट्या मीटरमध्ये रिकामी टाकी म्हणजे २४० ओम, निम्मी म्हणजे सुमारे १०३ आणि भरलेली म्हणजे ३३. युरोपातल्या १०-१८० पद्धतीत उलटं आहे: १० ओमला रिकामी, १८० ला फुल. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत शून्याला रिकामी आणि ९० ला फुल. त्यामुळे बाजारातून हाताला लागेल ते युनिट आणून बसवलं की गंमत होते. २४०-३३ च्या मीटरला ०-९० चं युनिट जोडलं, तर टाकी भरल्यावर काटा निम्म्याच्या थोडा वर थांबतो आणि पेट्रोल संपत आलं की फुलच्या पलीकडे जातो. युनिट बदलल्यापासून काटा उलटा चालतोय, अशी तक्रार असेल तर पहिला संशय हाच. आपल्या गाडीची पद्धत सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी, मगच मल्टिमीटर हातात घ्यावा.

या लेखापुरती आपण २४०-३३ ची पद्धत धरू. गाडी साधी, जुनी, पेट्रोलची जीप. तक्रारी दोन: ब्रेक दाबला की काटा पडतो, आणि टाकी पावाच्या आसपास आली की काटा एकदम रिकाम्यावर कोसळतो, दहा-पंधरा किलोमीटर तसाच राहतो आणि मग आपोआप थोडा वर येतो. तक्रारी ऐकायला एकसारख्या वाटतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत.

आधी काटा कधी नाचतो ते बघा

हत्यार उचलण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं मिळवायची. काटा वळणावर, चढावर, ब्रेकवर हलतो का? खड्ड्यात हलतो का? की ठराविक पातळीलाच हलतो?

वळणावर आणि चढावर थोडा हलणं नैसर्गिक आहे. टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि फ्लोट त्याच्यासोबत. खड्ड्यात गचका बसल्यावर काटा उडत असेल, तर सैल कनेक्टर किंवा आतून तुटत आलेली वायर शोधायची. टाकीतल्या ठराविक पातळीलाच, दर वेळी त्याच जागी काटा कोसळत असेल, तर रेझिस्टन्सच्या पट्टीवर तेवढ्या जागी खराबी आहे, कारण त्या पातळीला बोटं नेमकी तिथेच टेकलेली असतात. आपल्या जीपची दुसरी तक्रार या खणात बसते.

पहिली तक्रार मात्र फसवी आहे. ब्रेक दाबला की दोन गोष्टी एकदम होतात: पेट्रोल पुढे धावतं आणि मागचे ब्रेकचे दिवे लागतात. काटा यातल्या कशाने पडला? वेगळं काढायला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा आणि काटा स्थिर होऊ द्या. मग ब्रेकचं पॅडल दाबून मिनिटभर धरून ठेवा. गाडी जागची हललेली नाही, म्हणजे पेट्रोलही हललेलं नाही. तरी काटा पडला, तर दोष विजेचा आहे. हेडलाइट लावून, इंडिकेटर देऊनही असंच बघा. इंडिकेटरच्या तालावर काटा किंचित डुलत असेल तर अर्थचा दोष जवळजवळ नक्की.

मिनिटभर थांबायचं कारण असं की जुन्या गाड्यांतलं मीटर अनेकदा तापून चालणारं असतं. आतली दोन धातूंची पट्टी करंटने गरम होते, वाकते आणि काटा ढकलते. त्यामुळे ते सावकाश चालतं. असा काटा क्षणात उडी मारूच शकत नाही. या मीटरना बहुधा एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो सरासरी १० व्होल्टच्या आसपास पुरवठा ठेवतो आणि पेट्रोलचं व पाण्याच्या तापमानाचं अशी दोन्ही मीटरं त्याच्यावर चालतात. दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवायला लागले तर टाकीकडे बघायचंही नाही. स्टॅबिलायझर खराब झालाय किंवा त्याचा अर्थ सुटलाय, एवढंच त्यातून कळतं.

अर्धं अर्धं करत जायचं

आता टाकी न उघडता, युनिटच्या वरच्या कनेक्टरपाशी या. मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या चटईखाली एक झाकण असतं, त्याखाली हा कनेक्टर दिसतो. काही गाड्यांत टाकी खाली उतरवल्याशिवाय तो हाताला लागत नाही. तिथे वायरींच्या जुडग्यातला, म्हणजे हार्नेसमधला, अलीकडचा जोड शोधावा. इग्निशन बंद करून कनेक्टर काढा. गाडीकडच्या बाजूला दोन वायरी असतात, एक मीटरकडून येणारी सिग्नलची आणि दुसरी अर्थची. काही जुन्या युनिटांना अर्थची वायरच नसते, टाकीच्या पत्र्यातूनच अर्थ मिळतो. तिथे टाकीला रंग दिला किंवा रबराच्या पट्ट्या नव्या टाकल्या की काटा बिघडलाच म्हणून समजा.

कनेक्टर मोकळा ठेवून इग्निशन ऑन केलं की आपल्या २४०-३३ च्या पद्धतीत काटा रिकाम्यावर जायला हवा, कारण तुटलेली वायर म्हणजे अफाट ओम. ०-९० किंवा १०-१८० च्या पद्धतीत हाच काटा फुलच्या पलीकडे जाईल. पुष्कळ जण लगेच सिग्नलची वायर पत्र्याला टेकवून दुसरं टोक बघतात. तापणाऱ्या मीटरला ते जास्त वेळ सोसत नाही आणि डॅशबोर्डवरच्या मीटरांचा संच, म्हणजे क्लस्टर, इलेक्ट्रॉनिक असेल तर हा प्रयोग करूच नये. त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ३३ ओम आणि १०० ओमचे दोन-दोन वॅटचे रेझिस्टर आणावेत. ते काही रुपयांत येतात आणि टोकाऐवजी खरा आकडा तपासता येतो.

१०० ओमचा रेझिस्टर आधी सिग्नलची वायर आणि कनेक्टरमधली अर्थची वायर यांच्यामध्ये लावा. काटा निम्म्याच्या जवळ थांबला तर मीटर, सिग्नलची वायर आणि अर्थ, तिन्ही सध्या तरी ठीक आहेत. मग रेझिस्टरचं अर्थकडचं टोक काढून एका लांब वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. काटा जागचा हलला, तर फरक पडला तो फक्त अर्थमुळे. हलला नाही आणि तरीही चुकीचा दाखवतोय, तर दोष सिग्नलच्या वायरीत किंवा मीटरकडे. एवढ्या दोन मिनिटांत अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते.

आपल्या जीपमध्ये मात्र इथे काहीच सापडत नाही. दोन्हीकडे काटा निम्म्यावर. अर्थची वायर आणि पत्रा यांच्यात ओम मोजले तर मल्टिमीटर ०.७ दाखवतो. मल्टिमीटरच्या वायरी एकमेकांना टेकवल्या तरी साधा मल्टिमीटर ०.२-०.३ दाखवतोच, म्हणजे खरे ओम ०.४ च्या आसपास, आणि एवढ्याशा आकड्यावरून "अर्थ ओके" असा निष्कर्ष निघतो. इथूनच मंडळी वाट चुकतात आणि युनिट विकत घ्यायला निघतात.

०.४ ओमचा घोळ

युनिटमधून जाणारा करंट अगदी थोडा असतो, साधारण एक दशांश अँपिअर किंवा त्याहून कमी. तेवढा करंट ०.४ ओममधून गेला तर वाया जातात ०.०४ व्होल्ट. काट्याला ते जाणवतही नाही. म्हणून दिवे बंद असताना सगळं बरोबर दिसतं.

पण या जीपमध्ये युनिटची अर्थची वायर आणि मागच्या दिव्यांची अर्थची वायर, दोन्ही एकाच स्क्रूखाली घट्ट केल्या आहेत. ही मांडणी अनेक गाड्यांत असते, त्यात चूक काही नाही. ब्रेकचे दोन दिवे प्रत्येकी २१ वॅटचे, म्हणजे ४२ वॅट. १२ व्होल्टला हे सुमारे साडेतीन अँपिअर झाले. हा करंटही त्याच गंजक्या स्क्रूतून पत्र्यात उतरतो. साडेतीन अँपिअर गुणिले ०.४ ओम म्हणजे १.४ व्होल्ट. ब्रेक दाबल्याबरोबर युनिटची अर्थची बाजू शून्यावर न राहता १.४ व्होल्टवर चढते. मीटरच्या बाजूने पाहिलं तर खालचा व्होल्टेज वर आला, मधला फरक कमी झाला, करंट घटला. करंट घटला म्हणजे ओम वाढले असं मीटरला वाटतं, आणि आपल्या पद्धतीत जास्त ओम म्हणजे कमी पेट्रोल. काटा पडतो. ०-९० च्या गाडीत हाच दोष असता, तर ब्रेक दाबल्यावर काटा वर चढला असता.

म्हणूनच अर्थ ओममध्ये मोजायचा नाही, चालू लोडवर व्होल्टमध्ये मोजायचा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन लांब वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल पिन युनिटच्या अर्थच्या टर्मिनलवर. कनेक्टर जोडलेला असू द्या, पिन त्याच्या मागच्या बाजूने वायरीलगत आत सरकवा. इग्निशन ऑन. सगळं बंद असताना ०.०५ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. मग दुसऱ्या माणसाला टेल लॅम्प लावायला आणि ब्रेक दाबायला सांगा. सगळं चालू असतानाही ०.१ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ चांगला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की काट्याचा दोष मिळाला. आपल्या जीपचे आकडे असे येतात: सगळं बंद असताना ०.०४, टेल लॅम्पवर ०.५, नुसत्या ब्रेकवर १.४ च्या किंचित खाली.

आता लाल पिन पुढे सरकवत जायची. युनिटच्या टर्मिनलवर १.४, स्क्रूखाली वायरीच्या टोकाला असलेल्या चपट्या कडीवर, म्हणजे लगवर, १.४, आणि त्याच स्क्रूशेजारी रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर ०.०३. जिथे आकडा पडला तिथेच दोष: लग आणि पत्रा यांच्यामध्ये. स्क्रू काढला की खाली तपकिरी गंज आणि लगवर पितळी भांडं कळकावं तसा हिरवा थर दिसतो. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचा, लग बदलायचा किंवा साफ करायचा, दातेरी वॉशर घालून स्क्रू घट्ट करायचा आणि सगळं झाल्यावर वरून ग्रीस लावायचं. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत हे ग्रीस टाळलं, तर एकदोन पावसाळ्यांत हीच तक्रार परत येते. पुन्हा मोजलं तर ब्रेक दाबूनही ०.०३ व्होल्ट. काटा जागचा हलत नाही.

हीच पद्धत सिग्नलच्या वायरीलाही चालते. ती मीटरपासून दाराच्या उंबऱ्याखालून किंवा चॅसिसच्या कडेने मागे जाते. उंदीर कुरतडतात ती जागा बहुधा सीटखालची, आणि पाणी साचतं ती जागा उंबऱ्यातल्या कनेक्टरची. खड्ड्यात उडणारा काटा असेल तर मल्टिमीटर युनिटपाशी सिग्नलच्या वायरीवर लावून ठेवा आणि हार्नेस वीतभर वीतभर हाताने वाकवत पुढे जा. काट्याकडे बघू नका, तो उशिरा कळवतो. मल्टिमीटरचा आकडा ज्या जागी उडेल तिथली वायर सोला.

आता टाकी उघडायची

दुसरी तक्रार शिल्लक आहे: पावापाशी कोसळणारा काटा. यासाठी युनिट बाहेर काढावंच लागतं.

टाकी पावाच्या खाली आलेली असावी. काम उघड्यावर करा, खड्ड्यातल्या रॅम्पवर नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, हाताशी अग्निशामक ठेवा. युनिटलाच पंप जोडलेला असेल तर बॅटरी काढण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पाइपातलं प्रेशर उतरतं. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसून घ्या, नाहीतर ती सगळी टाकीत पडते. लॉक रिंग लाकडाच्या किंवा पितळेच्या ठोकळ्याने ठोकून फिरवा. लोखंडावर लोखंड मारून ठिणगी पाडू नका. युनिट कोणत्या दिशेला बसलं होतं त्याची खूण करा. जुनी रबरी रिंग पेट्रोलने फुगलेली असते आणि परत खाचेत बसत नाही, म्हणून नवी आधीच आणून ठेवा.

बाहेर काढल्यावर प्रथम फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोटला भोक आहे. तो अर्धवट बुडतो, म्हणून काटा कायम कमी दाखवतो, पण नाचत नाही. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथे भोक. पितळी फ्लोटला डाग द्यायचा मोह टाळा. आत पेट्रोल असलेला फ्लोट तापवणं म्हणजे छोटा बॉम्ब हातात धरणं. नवा फ्लोट घ्या.

आपल्या जीपचा फ्लोट चांगला आहे. मग युनिट टाकीपासून दूर न्या, नीट वाळू द्या आणि मल्टिमीटर ओमवर लावा. तार खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत अर्धं मिनिट घेऊन सावकाश फिरवा. आकडा २४० पासून ३३ पर्यंत एकसारखा उतरायला हवा. घाई केली तर डिजिटल मल्टिमीटर मधली उडी गाळून टाकतो, कारण तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. काट्याचा जुना मल्टिमीटर असेल तर तोच बरा. इथे १७५ च्या आसपास आकडा नाहीसा होतो, स्क्रीनवर OL येतं, म्हणजे अडथळा मापाबाहेर, आणि किंचित पुढे गेलं की १६० पासून परत सुरू होतो. गाडीतल्या काट्याने दाखवलेली हीच जागा.

आता भिंग घेऊन पट्टी बघा. काळा थर असेल आणि खालची पट्टी शाबूत असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापडाने तो निघतो. हा थर बहुधा पेट्रोलमधल्या गंधकामुळे येतो: पट्टीच्या कॉन्टॅक्टमध्ये चांदी असते आणि गंधकाच्या काही रूपांनी चांदी काळी पडते, घरातल्या पैंजणासारखी. २००४ मध्ये फ्लोरिडात असं गंधक असलेलं पेट्रोल पंपांवर गेलं आणि अनेक गाड्यांचे काटे बिघडले. भारतात एप्रिल २०२० पासून पेट्रोलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भाग इतकी खाली आली, पण आधी बसलेला थर त्याने जात नाही.

पट्टीच झिजून तिच्यात खाच पडली असेल, तर साफ करून उपयोग नाही. काही जण बोटं किंचित बाजूला वाकवून न झिजलेल्या पट्ट्यावरून चालवतात. तात्पुरतं चालतं, पण जास्त दाबलं तर नवीन जागाही लवकर झिजते. पट्टी सुटी मिळत नसेल तर युनिट बदलणं हाच इलाज. नवं युनिट बसवण्याआधी तेही असंच फिरवून मोजा आणि तार जुन्या युनिटच्या तारेशी ताडून बघा. तार पाच-सात मिलिमीटर जरी वेगळी वाकलेली असली, तरी रिकामं दाखवताना टाकीत काही लिटर उरतात, किंवा त्याहून वाईट, काटा थोडं शिल्लक दाखवत असताना गाडी बंद पडते.

गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांत मीटर थेट युनिटला जोडलेलं नसतं. एक कंट्रोल युनिट ५ व्होल्ट देऊन सिग्नल वाचतं, हिंदकळणं गाळून सरासरी काढतं आणि मग क्लस्टरला कळवतं. तिथे ब्रेकवर काटा पडण्याऐवजी स्क्रीनवरच्या पेट्रोलच्या पट्ट्या उशिरा, उगाच कमी होतात, आणि स्कॅनरवर P0460 ते P0464 या रांगेतला कोड येऊ शकतो: P0462 म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार खाली, P0463 म्हणजे फार वर, P0464 म्हणजे अधूनमधून तुटतोय. कोड आला म्हणून युनिट गेलं असं नाही. गंजका अर्थही यातला कोड आणू शकतो. लाल पिन आणि काळी पिन तिथेही त्याच दोन जागी लावायच्या, फक्त सिग्नलची वायर पत्र्याला टेकवायची नाही.